स्कॅन केलेल्या पानाचा करडा कागद पांढरा करायचा, शाई मात्र काळीच ठेवायची

आजोबांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, १९५१ साली तालुक्याच्या गावी छापखान्यात एक पुस्तिका छापून घेतली होती. शेतीतले त्यांचे अनुभव, पानं ४८. कागद वर्तमानपत्रासारखा, आता चहाच्या रंगाचा झालेला. घरातल्या सगळ्यांना एकेक प्रत मिळावी म्हणून मी ती स्कॅन केली, कागद पांढरा केला, झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढल्या आणि पहिली प्रत आत्याला दिली. तिने दोन पानं वाचली आणि विचारलं, "अगं, अण्णांच्या पुस्तकातले अनुस्वार कुठं गेले?"

खरंच गेले होते. 'कांहीं' चं 'काहीं' झालं होतं, 'घरांत' चं 'घरात'. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले, त्यात न उच्चारले जाणारे अनुस्वार गळले. त्याआधीच्या बहुतेक छापील पानांवर ते आहेत. माझ्या हातून झालं ते असं: कागद पांढरा करताना मी छपाईतले फिकट ठिपके कागदाबरोबरच पुसून टाकले आणि १९५१ चा मजकूर आजच्या लेखनात आणून ठेवला. सगळी पानं पुन्हा केली. दुसऱ्या खेपेला जे जमलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. आकडे त्याच पुस्तिकेचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण ते कसे काढायचे ते कळलं की पुरे.

लागणाऱ्या गोष्टी

- सपाट काचेचा स्कॅनर. मोबाईलच्या फोटोवरही काम होतं, पण उजेड सगळीकडे सारखा नसल्यामुळे पायरी ७ टाळता येणार नाही.
- पानाच्या मागे ठेवायला काळा, जाडसर कार्डशीट, पानापेक्षा थोडा मोठा.
- GIMP हे मोफत सॉफ्टवेअर, आवृत्ती २.१० किंवा पुढची.
- सगळी पानं एकदम करायची असतील तर ImageMagick, आवृत्ती ७. तेही मोफत आहे.
- कागद आणि पेन. हो, आकडे लिहून ठेवावे लागतात.

## १. स्कॅन करतानाच निम्मं काम करून घ्या

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप उजेड वाढवणारे, पार्श्वभूमी काढून टाकणारे, अक्षर ठळक करणारे जे पर्याय असतील ते सगळे बंद करा. ते चालू असले तर पान सुंदर दिसतं, पण काय पुसायचं आणि काय ठेवायचं हे स्कॅनर परस्पर ठरवून मोकळा होतो. एकदा पांढरा झालेला ठिपका नंतर कशानेही परत येत नाही. आपल्याला स्कॅन करडाच हवा आहे.

काळ्या शाईची छपाई असेल तर ग्रेस्केल निवडा, ब्लॅक अँड व्हाइट नको. ३०० डीपीआय पुरतं. टाइप फार बारीक असेल, तळटीपा असतील तर ६००. फाइल TIFF किंवा PNG मध्ये साठवा. JPEG मध्ये अक्षरांच्या कडेला फिकट करडी भुरभुर येते. करड्या कागदावर ती दिसत नाही, पण कागद पांढरा केला की प्रत्येक अक्षराभोवती धूळ बसल्यासारखी उठून दिसते. कुणी पानं व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवली असतील तर तीच मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा.

आता काळ्या कार्डशीटबद्दल. पातळ कागदावर मागच्या बाजूचा मजकूर उलटा उमटून दिसतो. त्याचं कारण स्कॅनरचं पांढरं झाकण. दिव्याचा उजेड कागदातून आरपार जातो, झाकणावरून परत येतो आणि येता-जाता मागची अक्षरं दाखवतो. पानामागे काळा कागद ठेवला की तो उजेड तिथेच शोषला जातो. सगळा कागद थोडा अधिक करडा येतो, पण एकसारखा करडा येतो, आणि एकसारखा करडा पांढरा करणं सोपं. मागची अक्षरं जर कागदापेक्षा गडद आणि शाईपेक्षा फिकट अशी मधेच राहिली तर ती नेमकी आपल्या फिकट अनुस्वारांच्या शेजारी येऊन बसतात, आणि मग एकाला घालवलं की दुसरं जातं. पुस्तिकेचं पान सुटं करता येत नसेल तर कार्डशीट त्या पानाच्या आणि पुढच्या पानाच्या मधे सरकवा.

एक अपवाद. पानावर निळ्या शाईचं हस्ताक्षर असेल तर ग्रेस्केल नको, रंगीत स्कॅन करा. मग GIMP मध्ये `Colors > Components > Extract Component` उघडून त्यात `RGB Red` निवडा. पिवळट कागद लाल घटकात जवळजवळ पांढरा दिसतो आणि निळी शाई गडद, त्यामुळे दोन्हींमधलं अंतर काही न करताच वाढतं. फक्त लाल पेन्सिलीच्या खुणा आणि लाल शिक्के यात फिकट होतात किंवा गायब होतात. ते हवे असतील तर हा रस्ता तुमचा नाही.

## २. आधी मोजा, मग हात लावा

पहिल्या खेपेला मी हेच केलं नाही. थेट स्लायडर ओढत बसले, डोळ्यांना बरं दिसलं तिथे थांबले. मॉनिटरवर डोळा फसतो.

GIMP मध्ये Color Picker घ्या, त्याच्या पर्यायांमध्ये `Use info window` वर खूण करा आणि पानावर क्लिक करा. छोट्या खिडकीत किंमत दिसते. ती टक्क्यांत दिसत असेल तर तिथल्या यादीतून `RGB (0..255)` निवडा, नाहीतर पुढचे सगळे आकडे जुळणार नाहीत. ० म्हणजे ठार काळं, २५५ म्हणजे शुद्ध पांढरं. `Sample average` कागद मोजताना चालू ठेवा, अक्षर मोजताना बंद, कारण अक्षराची रेघ दोन-चार पिक्सेलचीच असते आणि सरासरीत शेजारचा कागद मिसळतो.

पान ४०० टक्के मोठं करून या चार जागा मोजा. कंसात माझ्या पुस्तिकेच्या अकराव्या पानाचे आकडे आहेत.

- कोरा कागद, पाच-सहा ठिकाणी (२०३ ते २२२, बहुतेक २१३ च्या आसपास)
- जाड अक्षराचा भरीव भाग, म्हणजे मथळ्यातल्या एखाद्या उभ्या दांडीचं पोट (५२ ते ७५)
- मजकुरातली सर्वांत बारीक रेघ, उदाहरणार्थ वेलांटीचं टोक (१५०)
- सर्वांत फिकट अनुस्वार (१६८)

शेवटचा आकडा शोधायला वेळ द्या. छापखान्यातले अक्षरांचे खिळे झिजलेले असले किंवा शाई कमी लागलेली असली की ओळीतला एखादा अनुस्वार नुसती सावली असल्यासारखा छापला जातो. पानभर हिंडून सगळ्यांत दुबळा ठिपका सापडला की त्याचा आकडा लिहून ठेवा. या पानावर तुम्हाला किती मोकळीक आहे ते तोच सांगतो. माझ्या पानावर कागदाचा सर्वांत गडद भाग २०३ आणि सर्वांत फिकट अनुस्वार १६८, म्हणजे मधे ३५ ची जागा. आपली पांढरी सीमा, म्हणजे ज्याच्या पुढचं सगळं पांढरं होतं तो आकडा, त्या जागेत बसवायची, आणि शक्य तितकी कागदाच्या बाजूला.

## ३. Levels उघडा आणि डोंगर वाचायला शिका

`Colors > Levels` उघडा. वर `Channel` मध्ये `Value` असू द्या. खाली एक आलेख दिसेल, त्यात डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. त्या त्या करड्या छटेचे पिक्सेल जितके जास्त तितकी तिथली उंची जास्त.

पहिल्यांदा बहुधा उजवीकडे एकच उंच सुळका दिसेल आणि बाकी सगळं रिकामं. तो कागद. पानावर शाई कागदाच्या मानाने फार थोडी असते, म्हणून तिचा उंचवटा जमिनीला चिकटलेला असतो. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात आलेख लॉगरिदमिक करायचं बटण आहे, ते दाबा. आता डावीकडे शाईची बुटकी टेकडी वर येईल, उजवीकडे कागदाचा डोंगर आणि दोन्हींमधे उताराची खिंड. त्या खिंडीत अक्षरांच्या कडा, बारीक रेघा आणि आपले अनुस्वार आहेत.

आलेखाखाली तीन त्रिकोण आहेत: डावीकडे काळा, उजवीकडे पांढरा, मधे करडा. खाली `Output Levels` अशी आणखी एक पट्टी असते, तिला हात लावू नका. तिथला उजवा त्रिकोण आत आला की पांढरं कधीच २५५ ला पोहोचत नाही आणि आपण करतोय ते सगळं वाया जातं.

त्रिकोणांचं गणित साधं आहे.

```
नवी किंमत = (जुनी − काळा) ÷ (पांढरा − काळा) × 255
```

पांढऱ्या त्रिकोणाच्या उजवीकडचं सगळं २५५ होतं, काळ्याच्या डावीकडचं सगळं ०, आणि मधलं ताणून पसरतं. मधला त्रिकोण याच्यावर आणखी एक वळण देतो, त्याचं पायरी ५ मध्ये.

## ४. पांढरा त्रिकोण डोंगराच्या डाव्या पायथ्याशी

नवखा माणूस इथे दोन गोष्टी करतो, आणि दोन्ही चुकतात.

एक, `Auto Input Levels` दाबतो. ते बटण आलेखाची टोकं शोधतं, म्हणजे पांढरा त्रिकोण कागदाच्या डोंगराच्या उजव्या पायथ्याशी नेऊन ठेवतं. कागदाचे सर्वांत उजळ मोजके पिक्सेल पांढरे होतात आणि बाकी सगळा कागद करडाच राहतो. फोटोसाठी ते ठीक आहे, पानासाठी नाही.

दोन, पांढऱ्या रंगाचं ड्रॉपर घेऊन कागदावर क्लिक करतो. क्लिक जिथे पडली ती किंमत पांढरी सीमा होते. समजा ती २१३ आली, म्हणजे डोंगराचं शिखर. शिखराच्या डावीकडे निम्मा कागद आहे, तो अजून करडाच. पडद्यावर ते जवळजवळ पांढरं भासतं, पण प्रिंटर अशा पुसट करड्याला बारीक ठिपके मारून दाखवतो आणि कागदावर रवाळ धूळ उमटते. मी तर याहून वाईट केलं होतं. शिवणीजवळची सावली जावी म्हणून ड्रॉपर सावलीतच टेकवलं. तिथला कागद १७२ होता. सीमा १७२ वर आल्यावर, काळा त्रिकोण ६० वर धरून, १६८ चा अनुस्वार २४६ झाला, म्हणजे दिसेनासा. आत्याला जे दिसलं नाही ते इथे गेलं होतं.

म्हणून ड्रॉपर बाजूला ठेवा आणि पांढरा त्रिकोण हाताने डावीकडे आणा. शिखर ओलांडा, उतार उतरा आणि डोंगर जिथे सपाटीला टेकतो तिथे थांबा. त्याच्या पुढे तीन-चार घरं सरकलात तरी चालेल, जास्त नको. माझा पायथा २०१ च्या आसपास होता, मी १९८ ठेवलं. मोजलेला सर्वांत गडद कागद २०३, म्हणजे तो पुरता पांढरा होतो, आणि १६८ चा अनुस्वार अजून ३० घरं दूर आहे.

एखादा डाग, पाण्याचं वर्तुळ किंवा घडीची रेघ राहिली तर राहू द्या. तिच्यासाठी संपूर्ण पानाची सीमा आणखी डावीकडे ओढू नका. डाग नंतर पांढऱ्या ब्रशने पुसता येतो, पुसला गेलेला अनुस्वार ब्रशने परत काढणं म्हणजे मजकूर आपल्या मनाने लिहिणं.

## ५. काळा त्रिकोण थोडा, मधला त्रिकोण जपून

कागद पांढरा झाला की शाई आधीपेक्षा फिकी वाटायला लागते. मग सगळ्यांचा हात काळ्या त्रिकोणाकडे जातो आणि तो थेट १२० पर्यंत ओढला जातो. अक्षरं झपकन काळी होतात खरी, पण मोठं करून पाहा. 'ब' च्या पोटातली तिरकी रेघ आणि भोवतालची पोकळी एक होतात आणि 'ब' आणि 'व' सारखेच डाग दिसू लागतात. 'ष' भरून जातो, 'श्र' चा गोळा होतो, आणि रेघांच्या कडांना करवतीचे दात येतात. कडांवरच्या ज्या करड्या पिक्सेलमुळे वळण गुळगुळीत दिसतं तेच काळे झालेले असतात.

काळा त्रिकोण शाईच्या टेकडीच्या आत, भरीव शाईच्या मोजलेल्या आकड्यांमधे ठेवा. माझे आकडे ५२ ते ७५, मी ६० घेतलं. भरीव शाई यानेच पुरेशी काळी होते: ६२ ची किंमत ४ वर येते.

आता उरल्या बारीक रेघा. ६० आणि १९८ धरून हिशेब केला तर १५० ची वेलांटी १६६ होते आणि १६८ चा अनुस्वार २००. कागदही पांढरा झाल्यामुळे त्यांच्यातलं अंतर आधीपेक्षा वाढलेलंच आहे, पण छापल्यावर ते नाजूक दिसतात. त्यांच्यासाठी मधला त्रिकोण. तो उजवीकडे सरकवला की त्याचा आकडा १.०० वरून खाली येतो आणि मधल्या छटा गडद होतात. काळं काळंच राहतं, पांढरं पांढरंच, म्हणून हे काम काळ्या त्रिकोणाने न करता याने करायचं. मी ०.८० ठेवलं. वेलांटी १६६ ऐवजी १४९ आली आणि अनुस्वार २०० ऐवजी १८८.

मोजणीचे आकडे एकाखाली एक पाहिले म्हणजे काय झालं ते कळेल.

| जागा | मूळ | फक्त दोन टोकं (६०, १९८) | मधला ०.८० धरून |
|---|---|---|---|
| भरीव शाई | ६२ | ४ | १ |
| वेलांटीचं टोक | १५० | १६६ | १४९ |
| फिकट अनुस्वार | १६८ | २०० | १८८ |
| गडद कागद | २०३ | २५५ | २५५ |

०.७० च्या खाली जाऊ नका असं मी सांगेन. तिथे मागच्या पानाची सावली आणि कागदाचे तंतू, जे सीमेच्या जरासे आत अडकलेले असतात, तेही गडद व्हायला लागतात. तसं दिसायला लागलं तर मधला त्रिकोण परत १.०० कडे न्या, पांढरा आणखी डावीकडे ओढू नका.

`Brightness-Contrast` ने हेच झटपट होईल असं वाटतं. त्यात दोन टोकं वेगवेगळी धरता येत नाहीत. कागद उजळायला गेलं की शाईही उजळते, म्हणून ते साधन या कामाला घेऊच नये.

## ६. डोळ्यांवर विसंबू नका, Threshold ने तपासा

Levels लागू केल्यावर `Colors > Threshold` उघडा आणि डावा आकडा २५५ करा. आता पडद्यावर शुद्ध पांढरं तेवढंच पांढरं दिसेल, २५४ असला तरी तो पिक्सेल काळा. मघाशी स्वच्छ वाटणाऱ्या पानावर कोपऱ्यात काळे ढग, शिवणीजवळ पट्टा, मधे शिंतोडे दिसू शकतात. छापल्यावर जी धूळ येते ती हीच.

अक्षरांभोवती किंचित जाड काळी कड दिसणं योग्य आहे, ती कडांची गुळगुळीत छटा आहे. मोकळ्या जागेत मोजके शिंतोडे असतील तर सोडून द्या किंवा ब्रशने पुसा. पण मोकळ्या जागेत सगळीकडे मुंग्या दिसत असतील तर पांढरा त्रिकोण अजून उतारावरच आहे, पायथ्याशी पोहोचलेला नाही. पट्टा किंवा ढग असेल तर पायरी ७.

तपासून झालं की `Cancel` दाबा. इथे `OK` दाबलं तर पान खरोखर तसंच काळं-पांढरं होऊन बसतं.

त्यानंतर दुसरी तपासणी, मजकुराची. मूळ पुस्तक हातात घ्या आणि पडद्यावरच्या पानातल्या पाच ओळी अनुस्वार मोजत वाचा. माझ्या अकराव्या पानावर पहिल्या पाच ओळींत पुस्तकात सतरा होते, पहिल्या खेपेच्या प्रतीत बारा. दुसऱ्या खेपेला सतराच्या सतरा. अनुस्वाराबरोबर रफार, चंद्रबिंदू आणि शिरोरेघेतल्या फटी पाहा. शिरोरेघ तुटक दिसत असेल तर ती पुस्तकातही तुटक आहे का ते बघा. झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत ती तशी असते, आणि तसं असेल तर ती तशीच राहायला हवी.

## ७. शिवणीजवळची सावली वेगळी काढा

पुस्तक पूर्ण उलगडत नाही, शिवणीजवळ कागद काचेपासून वर उचलला जातो आणि तिथे सावली पडते. माझ्या पानांवर ती १७२ पर्यंत खाली जात होती. पानाच्या मध्यावरचा फिकट अनुस्वार १६८. म्हणजे मध्यावरची शाई आणि कडेचा कागद जवळजवळ एकाच छटेचे. Levels ला जागा कळत नाही, फक्त छटा कळते. दोन्हींना न्याय देणारी सीमा अस्तित्वातच नाही. अशा पानावर त्रिकोण हलवत बसू नका, आधी सावली काढा.

मूळ, Levels न लावलेली फाइल उघडा. `Layer > Duplicate Layer` ने थराची प्रत करा. वरच्या थरावर `Filters > Blur > Median Blur` लावा, `Radius` ४० आणि `Percentile` ८०. हे फिल्टर प्रत्येक ठिकाणी आजूबाजूच्या पिक्सेलमधला उजळ कागद उचलतं आणि अक्षरं गिळून टाकतं. ३०० डीपीआयच्या पानावर याला बराच वेळ लागतो, संगणक अडकला असं समजून बंद करू नका. शेवटी वरच्या थरात एकही अक्षर दिसता कामा नये, नुसता कोरा कागद त्याच्या सावलीसकट दिसला पाहिजे. अक्षरांची भुतं दिसत असतील तर `Radius` वाढवा.

आता वरच्या थराचा `Mode` बदलून `Divide` करा. खालच्या प्रत्येक पिक्सेलला त्याच्याच जागच्या कागदाने भागलं जातं. मध्यावर २१३ ला साधारण २१३ ने, शिवणीजवळ १७२ ला साधारण १७२ ने, म्हणजे दोन्हीकडचा कागद २५५ च्या जवळ येतो आणि सावली जाते. `Image > Flatten Image` करा आणि पायरी २ पासून पुन्हा मोजा, कारण सगळे आकडे वर सरकलेले असतात. माझ्या पानावर भरीव शाई ७० च्या घरात आली, कागदाचा पायथा २३८ ला. त्यावर Levels लावताना मी ७० आणि २३६ घेतलं.

मोठा, जाड मथळा असलेल्या पानावर सावध राहा. अक्षराची दांडी `Radius` च्या मानाने जाड असली तर फिल्टरला तिच्या पोटात कागदच सापडत नाही, ते शाईलाच कागद समजतं आणि भागाकारानंतर मथळ्याची अक्षरं आतून पोकळ, नुसती कड उरलेली दिसतात. तेवढा मथळा मूळ थरातून निवडून परत आणा. छायाचित्र किंवा चित्राचा ठसा असलेल्या पानावर तर हा उपाय आणि Levels दोन्ही मजकुराचा भाग निवडूनच लावा. चित्रातल्या फिकट छटा याने पार जातात.

## ८. उरलेली पानं एकदम

एकाच बैठकीत, त्याच सेटिंगवर, त्याच कार्डशीटसह स्कॅन केलेल्या पानांना एकच आकडे चालतात, जर कागद सगळीकडे सारखा जुना असेल तर. तसं असतंच असं नाही. सुरुवातीची आणि शेवटची पानं हवेला लागून अधिक पिवळी पडतात, मधली जास्त उजळ असतात. मी पहिलं, मधलं आणि शेवटचं पान हाताने मोजलं. पहिल्या आणि शेवटच्या चार पानांचा पायथा १९२ ला आला, म्हणून ती आठ पानं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून त्यांना वेगळा आकडा दिला.

ImageMagick ला सीमा टक्क्यांत द्यायच्या असतात. आपल्या आकड्याला २५५ ने भागून १०० ने गुणा: ६० म्हणजे २३.५, १९८ म्हणजे ७७.६. मग स्कॅन ठेवलेल्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून ही आज्ञा द्या.

```
mkdir safed
magick mogrify -path safed -format png -level 23.5%,77.6%,0.8 *.tif
```

`-level` नंतरचा क्रम काळा, पांढरा, मधला असा आहे, पडद्यावरच्या त्रिकोणांसारखा नाही. `-path safed` विसरू नका आणि ही आज्ञा देण्याआधी मूळ फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. `mogrify` चा मूळ स्वभाव जुन्या फाइलीवरच लिहिण्याचा आहे. तुमचे स्कॅन PNG असतील आणि `-path` राहून गेलं तर मूळ पानं त्याच क्षणी गेली.

नव्या फोल्डरमधलं प्रत्येक पाचवं पान उघडून पायरी ६ करा. मूळ TIFF, नवी PNG आणि एक साधी टेक्स्ट फाइल, ज्यात कोणत्या पानांना कोणते तीन आकडे दिले ते लिहिलेलं आहे, अशी तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पुढे कुणाला एखादं पान पुन्हा करावंसं वाटलं तर त्याला मोजणीपासून सुरुवात करावी लागणार नाही. मुखपृष्ठ मी यात घेतलं नाही. ते गुलाबी कागदावर छापलेलं आहे, आणि ते रंगीत स्कॅन करून तसंच गुलाबी ठेवलं आहे.